कमाई एकच, कर तीन प्रकारचे

समजा, एका घरातली तीन भावंडे. तिघांचाही पगार चांगला, तिघेही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. एप्रिल २०२४च्या सुरुवातीला तिघांनी आपापली बचत सुरक्षित म्हणतात अशा ठिकाणी, म्हणजे शेअर बाजाराबाहेर, कर्जरोख्यांच्या दुनियेत ठेवली. थोरल्या भावाने जास्त व्याजाचा एक सूचिबद्ध बॉण्ड घेतला. मधल्या बहिणीने डेट म्युच्युअल फंडाच्या ग्रोथ पर्यायात पैसे टाकले. धाकट्याने कमी व्याजाचा, पण बाजारात स्वस्तात मिळणारा दुसरा सूचिबद्ध बॉण्ड घेतला. दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२५मध्ये, तिघांचे पैसे परत आले. प्रत्येकाला मूळ रकमेवर १ लाख ३० हजार रुपये सुटले.

कर मात्र असा लागला: थोरल्याला ६२,४०० रुपये, बहिणीला ४०,५६० रुपये आणि धाकट्याला २७,८२० रुपये.

तिघांनीही काही लपवले नाही, काही चुकवले नाही. हा फरक केवळ एका गोष्टीमुळे पडला. हाती आलेल्या पैशातला कोणता रुपया ‘व्याज’ ठरला आणि कोणता ‘भांडवली नफा’ किंवा ‘भांडवली तोटा’ ठरला, एवढाच तो प्रश्न. प्राप्तिकर कायदा या दोहोंना वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. व्याज ‘इतर स्रोतांतून मिळालेले उत्पन्न’ या शीर्षाखाली जाते आणि त्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. बॉण्ड विकून किंवा त्याची मुदत संपून मूळ किमतीपेक्षा जे जास्त किंवा कमी मिळते, ते ‘भांडवली नफा’ या शीर्षाखाली जाते. तिथे किती काळ गुंतवणूक ठेवली, ती सूचिबद्ध होती की नाही, कधी खरेदी केली, असे प्रश्न विचारले जातात. या दोन खात्यांमधला दरवाजा एका बाजूने घट्ट बंद आहे, कारण भांडवली तोटा व्याजाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. थोरल्याचे नुकसान याच बंद दारापाशी झाले, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू.

थोरल्याचा बॉण्ड होता वर्षाला १० टक्के व्याजाचा. दर्शनी किंमत १,००० रुपये, व्याज दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला. हा बॉण्ड त्याने कंपनीकडून नव्याने घेतला नव्हता, तर दुसऱ्या गुंतवणूकदाराकडून बाजारात विकत घेतला. व्याजाचा दर आकर्षक असल्याने बाजारात त्याचा भाव दर्शनी किमतीच्या वर, १,०२० रुपये होता. त्याशिवाय आणखी ५० रुपये मोजावे लागले. का? कारण आधीच्या ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतचे सहा महिने बॉण्ड विकणाऱ्याकडे होता. त्या सहा महिन्यांचे व्याज साठले होते, पण ते प्रत्यक्षात मिळणार होते पुढच्या ऑक्टोबरला, नव्या मालकाला. विकणारा ते आधीच आपल्या भावात वसूल करून घेतो. त्यामुळे एकूण किंमत झाली १,०७० रुपये. असे १,००० बॉण्ड थोरल्याने घेतले, म्हणजे १० लाख ७० हजार रुपये मोजले.

ऑक्टोबर २०२४मध्ये त्याला १ लाख रुपये व्याज मिळाले. ऑक्टोबर २०२५मध्ये आणखी १ लाख व्याज आणि १० लाख मुद्दल मिळाले. एकूण आले १२ लाख, गेले होते १० लाख ७० हजार. सुटले १ लाख ३० हजार. व्यवहार म्हणून हा हिशेब अगदी बरोबर आहे.

कायद्याच्या हिशेबात मात्र हे दोन तुकडे होतात. पहिला तुकडा: व्याज मिळाले २ लाख. त्यातले ५० हजार रुपये खरे तर त्याने स्वतःच विकणाऱ्याला आगाऊ दिले होते, हे व्याजाच्या खात्यात विचारात घेतले जात नाही. व्याज ज्या दिवशी देय होते, त्या दिवशी ज्याच्याकडे बॉण्ड आहे त्याचेच ते सगळे उत्पन्न, असे कायदा मानतो. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. रोखे विकत घेताना साठलेल्या व्याजापोटी दिलेली रक्कम हा खरेदीच्या किमतीचाच भाग असतो, ती पुढे मिळणाऱ्या व्याजातून वजा होत नाही. बँका आपले रोखे व्यापारी माल म्हणून ठेवतात तेव्हा त्यांना ती वजावट मिळते, आणि २०२४मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितलेही. पण आपल्यासारखा घरगुती गुंतवणूकदार व्यापारी नसतो. म्हणून थोरल्याला पूर्ण २ लाखांवर ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ६२,४०० रुपये कर लागला.

दुसरा तुकडा: खरेदीची किंमत १० लाख ७० हजार, मुदत संपल्यावर मिळाले १० लाख. इथे ७० हजारांचा तोटा आहे. बॉण्ड सूचिबद्ध होता आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवला होता, म्हणून हा दीर्घकालीन भांडवली तोटा. तो व्याजातून वजा होत नाही, पगारातून नाही, अल्पकालीन नफ्यातूनही नाही. तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा करता येतो, आणि त्या नफ्यावरचा दर आहे १२.५ टक्के. म्हणजे थोरल्याकडे असा नफा दुसरीकडे असला, तर या तोट्यामुळे त्याचे जास्तीत जास्त ९,१०० रुपये वाचतील. ज्या ७० हजार रुपयांवर त्याने व्याजाच्या बाजूने ३१.२ टक्क्यांनी कर भरला, त्याच ७० हजारांची भरपाई तोट्याच्या बाजूने १३ टक्क्यांनी होते. आणि असा नफा दुसरीकडे नसेल, तर भरपाईच नाही. मग १ लाख ३० हजारांच्या खऱ्या कमाईवर ६२,४०० रुपये कर, म्हणजे ४८ टक्के. आपण ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहोत असे समजणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात कमाईचा जवळजवळ निम्मा भाग कराला दिला.

यात आणखी एक खाचखळगा आहे. शेअर किंवा इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यात वर्षाला १ लाख २५ हजारांपर्यंत कर लागत नाही. समजा, थोरल्याला त्याच वर्षी शेअर विकून १ लाखाचा दीर्घकालीन नफा झाला आहे. त्यावर तसाही कर लागणार नव्हता. पण तोटा आधी वजा होतो आणि सवलतीची मर्यादा नंतर लागू होते. त्यामुळे बॉण्डचा ७० हजारांचा तोटा त्या करमुक्त नफ्यातच खर्ची पडतो आणि पुढच्या वर्षी नेण्यासाठी काही उरत नाही. बॉण्डच्या नफ्याला स्वतःला मात्र ही १ लाख २५ हजारांची सवलत नाही. ती शेअर आणि इक्विटी फंडांपुरतीच आहे. बॉण्ड विकताना अनेक जण ती गृहीत धरतात आणि नंतर व्याजासकट फरक भरतात.

आता धाकट्याचे पाहू. त्याचा बॉण्ड ४ टक्के व्याजाचा, सहामाही व्याज देणारा. व्याजदर खाली असलेल्या काळात काढलेले असे बॉण्ड, पुढे बाजारातले दर चढले की दर्शनी किमतीच्या खाली विकले जातात. धाकट्याला तो, व्याजाची तारीख नुकतीच उलटून गेल्यावर, ९३० रुपयांना मिळाला. साठलेले व्याज जवळजवळ शून्य. १,००० बॉण्डसाठी त्याने ९ लाख ३० हजार मोजले. दीड वर्षात तीन वेळा २० हजार, म्हणजे ६० हजार व्याज आले आणि शेवटी १० लाख मुद्दल. सुटले तेच १ लाख ३० हजार, किंबहुना थोड्या कमी भांडवलावर. व्याजाच्या ६० हजारांवर ३१.२ टक्क्यांनी १८,७२० रुपये कर लागला. उरलेल्या ७० हजारांवर, तो दीर्घकालीन भांडवली नफा असल्याने, १२.५ टक्के आणि उपकर मिळून ९,१०० रुपये. बेरीज २७,८२० रुपये. थोरल्याला जे ७० हजार तोट्याच्या बाजूला गेले, तेच धाकट्याला नफ्याच्या बाजूला मिळाले.

म्हणून बॉण्ड घेताना जाहिरातीतला व्याजदर आधी पाहू नये. दोन आकडे शेजारी ठेवावेत: कूपन, म्हणजे दर्शनी किमतीवर मिळणारे व्याज, आणि मुदतअखेरपर्यंतचा खरा परतावा, ज्याला विक्रेते ‘यील्ड टू मॅच्युरिटी’ म्हणतात. कूपन परताव्यापेक्षा बरेच जास्त असेल, तर आपण दर्शनी किमतीच्या वर पैसे देत आहोत, आणि तो वरचा भाग शेवटी तोटा बनून हाती राहणार आहे. कूपन परताव्यापेक्षा कमी असेल, तर कमाईचा एक भाग कमी दराच्या खात्यात जाणार आहे. वरच्या स्लॅबमधल्या माणसासाठी हा फरक अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याज मिळण्यापेक्षा मोठा ठरू शकतो. मात्र बॉण्ड स्वस्त का आहे, हे तपासल्याशिवाय यात शिरू नये. बाजारातले व्याजदर चढले म्हणून भाव पडला असेल, तर ठीक. कंपनीचे पतमानांकन घसरले म्हणून पडला असेल, तर कराची बचत मुद्दल बुडण्यापुढे कवडीमोल आहे.

खरेदीची तारीखही महत्त्वाची आहे. व्याज कोणाला मिळणार, हे ठरवणारी रेकॉर्ड तारीख व्याजाच्या तारखेच्या सुमारे पंधरवडा आधी असते. त्या तारखेच्या तोंडावर बॉण्ड घेतला, तर जवळजवळ वर्षभराचे साठलेले व्याज किमतीत द्यावे लागते, थोड्याच दिवसांनी ते व्याज म्हणून परत येते, आणि त्या सगळ्यावर पूर्ण स्लॅबने कर लागतो. कंपनीही पूर्ण व्याजावर १० टक्के टीडीएस कापते, आपण बॉण्ड दहा दिवसच ठेवलेला असला तरी. दीर्घकाळ ठेवणाऱ्याने व्याजाची तारीख उलटून गेल्यावर खरेदी केली, तर हा घोळ बराचसा टळतो.

कुणाच्या मनात उलटा विचार येईल. दर वेळी रेकॉर्ड तारखेच्या आधी बॉण्ड विकायचा, साठलेले व्याज भावात वसूल करायचे, म्हणजे ते भांडवली नफ्यात जाईल, आणि नंतर तोच बॉण्ड परत घ्यायचा. हा मार्ग जुना आहे आणि कायद्याने तो केव्हाच ओळखला आहे. जुन्या कायद्याच्या कलम ९४खाली असे विकून परत घेणे, किंवा व्याज टाळण्यासाठी पद्धतशीर विक्री करणे, यात व्याज मूळ मालकाचेच धरले जाते. गरजेपोटी एखादा बॉण्ड मधेच विकणे वेगळे. ती साधी विक्री आहे, आणि मिळालेली पूर्ण किंमत, साठलेल्या व्याजासकट, विक्रीची किंमत धरली जाते.

बॉण्डच्या विक्रीबाबत काळाची अटही लक्षात ठेवावी. सूचिबद्ध बॉण्ड बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तरच नफा दीर्घकालीन ठरतो. त्याआधी विकला तर नफा स्लॅबप्रमाणे. २३ जुलै २०२४पासून दर १२.५ टक्के आहे आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची, म्हणजे इंडेक्सेशनची, सोय नाही. आणि ‘सूचिबद्ध’ या शब्दाकडे कधीही दुर्लक्ष करू नये. त्याच दिवसापासून सूचिबद्ध नसलेल्या बॉण्डच्या विक्रीवर किंवा परतफेडीवर होणारा नफा, तो कितीही वर्षे ठेवलेला असला तरी, अल्पकालीन मानला जातो. मार्केट लिंक्ड डिबेंचर नावाचा प्रकार, ज्याचा परतावा एखाद्या निर्देशांकाशी बांधलेला असतो, तो सूचिबद्ध असूनही याच नियमात येतो. ऑनलाइन बॉण्ड विकणाऱ्या मंचावर दहा बॉण्ड एका यादीत दिसतात, पण कराच्या दृष्टीने ते एकाच जातीचे नसतात. खरेदीआधी आयएसआयएन क्रमांक घेऊन तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सूचिबद्ध आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात.

आता बहिणीकडे वळू. तिच्या डेट फंडाच्या आतही बॉण्डच होते. त्यांवर व्याजही मिळत होते, काही बॉण्ड चढ्या भावाने घेतलेले, काही स्वस्तात. पण ते सगळे फंडाच्या पोटात घडले. फंडाला स्वतःला कर लागत नाही, आणि बहिणीने ग्रोथ पर्याय घेतला असल्याने तिच्या हाती व्याज कधी आलेच नाही. आतले व्याज एनएव्हीत मिसळत गेले. दीड वर्षाने तिने युनिट परत केली, १० लाखांचे ११ लाख ३० हजार झाले होते. तिच्यासाठी ही सगळी वाढ एकच गोष्ट आहे, भांडवली नफा.

फक्त हा नफा कोणत्या दराने, ते ठरते खरेदीच्या तारखेवर. १ एप्रिल २०२३पासून घेतलेल्या डेट फंडाच्या युनिटांवरचा नफा कितीही काळ ठेवला तरी अल्पकालीन मानायचा, असा नियम कलम ५०एएने आणला. म्हणून तिला १ लाख ३० हजारांवर स्लॅबने, ४०,५६० रुपये कर लागला. तीच युनिट मार्च २०२३मध्ये किंवा त्याआधी घेतलेली असती आणि चोवीस महिन्यांपेक्षा जास्त ठेवली असती, तर १२.५ टक्के दराने उपकरासह १६,९०० रुपयेच लागले असते. आधी अशा जुन्या युनिटांना तीन वर्षांनी २० टक्के आणि इंडेक्सेशन असा लाभ होता. तो २३ जुलै २०२४ला संपला, पण त्यांच्या हाती कमी दर अजून आहे.

म्हणून जुनी युनिट हलवताना फार जपावे. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत ‘स्विच’ करणे म्हणजे कायद्याच्या नजरेत जुनी विकून नवी घेणे. त्याच योजनेच्या रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्ट प्लॅनमध्ये जाणेही तसेच. दलालीचा अर्धा टक्का वाचवायला गेलेला माणूस एकीकडे त्याच दिवशी कर ओढवून घेतो आणि दुसरीकडे २०२३पूर्वीची तारीख कायमची गमावतो. पुढची सगळी वाढ मग स्लॅबने करपात्र होते. फंड कंपनीनेच दोन योजना एकत्र केल्या, तर ते हस्तांतरण मानले जात नाही आणि जुनी तारीख टिकते. एसआयपी असेल तर प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते. जानेवारी २०२३ आणि मे २०२३ हे दोन हप्ते एकाच खात्यात असूनही त्यांचा कर निराळा.

डेट फंडाची कराच्या दृष्टीने सोय संपली, असे २०२३नंतर सर्वत्र म्हटले गेले. दराच्या बाबतीत ते खरे आहे. पण बहिणीच्या हिशेबातला एक चांगुलपणा त्या बोलण्यात हरवून जातो. तिला कर तिच्या खऱ्या कमाईवरच लागला, एक रुपया जास्त कमाई कागदावर दाखवून नव्हे. थोरल्याला २ लाखांच्या ‘उत्पन्नावर’ कर भरावा लागला, जेव्हा त्याची कमाई १ लाख ३० हजारच होती. शिवाय बहिणीला कर लागला शेवटी, एकदाच, पैसे हातात आल्यावर. आणि तिचा नफा भांडवली असल्याने, त्या वर्षी शेअरमध्ये तिला काही अल्पकालीन तोटा झाला असता, तर तो या नफ्यातून पूर्ण वजा झाला असता. बॉण्डच्या व्याजाला ही सोय कधीच नाही. मात्र शेअरमधला दीर्घकालीन तोटा तिच्या कामाचा नव्हता, कारण तिचा नफा कायद्याने अल्पकालीन ठरवला आहे.

निवृत्तांसाठी हाच मुद्दा सर्वांत कळीचा आहे. दरमहा पैसे हवेत म्हणून बरेच जण डेट फंडाचा आयडीसीडब्ल्यू पर्याय घेतात, ज्याला पूर्वी डिव्हिडंड पर्याय म्हणत. या पर्यायात मिळणारी प्रत्येक रक्कम, पूर्णच्या पूर्ण, ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ म्हणून करपात्र आहे, आणि ती वाटली की एनएव्ही तेवढी खाली येते. त्याच फंडाच्या ग्रोथ पर्यायातून एसडब्ल्यूपीने, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम काढून, पैसे घेतले तर चित्र बदलते. समजा, एनएव्ही २० असताना १० लाख गुंतवले, ५० हजार युनिट मिळाली. वर्षाने एनएव्ही २१.४० झाली. आता १० हजार रुपये काढले, तर सुमारे ४६७ युनिट विकली जातात. त्यांची खरेदी किंमत ९,३४६ रुपये. नफा फक्त ६५४ रुपये, कर तेवढ्यावरच. बाकीचे आपलेच मुद्दल आपल्याकडे परत आले. आयडीसीडब्ल्यूमध्ये हेच १० हजार सगळे करपात्र ठरले असते. अर्थात एसडब्ल्यूपीत सर्वांत जुनी युनिट आधी विकली जातात, त्यामुळे वर्षे जातील तसा प्रत्येक रकमेतला नफ्याचा वाटा वाढत जातो. कर टळत नाही, पुढे ढकलला जातो. पण सत्तरीतल्या माणसासाठी तो पुढे ढकलणे हेही मोठे काम आहे.

इथे स्लॅबचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. वरची सगळी उदाहरणे ३० टक्के देणाऱ्यांची होती. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण ही सवलत स्लॅबने लागणाऱ्या करापुरतीच आहे. विशेष दराच्या, म्हणजे १२.५ टक्क्यांच्या, करावर ती मिळत नाही. म्हणून वर्षाला ९ लाख उत्पन्न असलेल्या निवृत्त शिक्षिकेला बॉण्डचे व्याज किंवा नव्या डेट फंडाचा नफा यावर कर लागणार नाही, पण त्या ९ लाखांतले ५० हजार बॉण्डच्या दीर्घकालीन नफ्याचे असतील, तर त्यावर ६,५०० रुपये भरावे लागतील. स्वस्त वाटणारा १२.५ टक्के दर तिच्यासाठी महाग आहे. तिने जास्त कूपनचा, दर्शनी किमतीला मिळणारा बॉण्ड घेणेच बरे.

टीडीएसबद्दल थोडक्यात. सूचिबद्ध, डीमॅटमधल्या बॉण्डच्या व्याजावर एके काळी टीडीएस कापला जात नसे. १ एप्रिल २०२३पासून कापला जातो, दर १० टक्के. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला १० हजारांपर्यंतचे व्याज त्यातून वगळले आहे, आणि फंडाच्या आयडीसीडब्ल्यूलाही तीच मर्यादा. निवासी गुंतवणूकदाराच्या बाबतीत युनिट परत करताना किंवा बॉण्ड विकताना नफ्यावर टीडीएस नाही. म्हणजे थोरल्याचे दोन वर्षांत २० हजार कापले गेले, तरी त्याला आणखी ४२,४०० रुपये स्वतःहून भरायचे होते. वर्षाचा उरलेला कर १० हजारांवर जात असेल तर आगाऊ करही. साठीपुढच्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांना आगाऊ करातून सूट आहे.

करमुक्त बॉण्डांबद्दलही गैरसमज आहे. एनएचएआय, आयआरएफसी, आरईसी यांसारख्या सरकारी संस्थांनी गेल्या दशकात काढलेल्या करमुक्त बॉण्डांचे फक्त व्याज करमुक्त आहे. ते बाजारात विकून झालेला नफा करपात्रच असतो.

विवरणपत्र भरताना एआयएसमध्ये बॉण्डचे पूर्ण व्याज दिसते, साठलेल्या व्याजापोटी आपण काय मोजले ते दिसत नाही. तिथे काही जण स्वतःच ते वजा करून कमी व्याज दाखवतात, आणि आकडा न जुळल्याने नोटीस येते. योग्य मार्ग म्हणजे पूर्ण व्याज ‘इतर स्रोतां’त दाखवायचे आणि दिलेली पूर्ण रक्कम खरेदी किमतीत धरून भांडवली नफ्याच्या तक्त्यात तोटा दाखवायचा. त्यासाठी खरेदीच्या दिवशीची काँट्रॅक्ट नोट किंवा व्यवहाराची पावती जपून ठेवावी. तिच्यावर स्वच्छ भाव, साठलेले व्याज आणि एकूण रक्कम वेगळी लिहिलेली असावी, आणि नसेल तर विक्रेत्याकडून लगेच मागून घ्यावी. बॉण्डची मुदत पाच-सात वर्षांनी संपते, तोवर ईमेल सापडत नाही आणि मंचही कधी बंद पडलेला असतो.

१ एप्रिल २०२६पासून १९६१चा कायदा जाऊन प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आहे, त्यामुळे पुढच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलले. २०२५-२६चे उत्पन्न मात्र जुन्या कायद्यानेच मोजले जाईल. अशा नफा-तोट्यासाठी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. आणि बॉण्डमध्ये तोटा झाला असेल, तर हे विवरणपत्र ठरलेल्या मुदतीतच भरा. तसे केले तरच तो तोटा पुढची आठ वर्षे जपून ठेवता येतो. मुदत टळली, तर तो पुढे नेण्याचा हक्क जातो.